बस, ये, हाड, शू: आपल्या घरची प्राणीभाषा पाहुण्याच्या हाती देताना (अनुभव हवेत)

ओसरीवरची

मागच्या वर्षी आम्ही दोघं नऊ दिवस बाहेर होतो. कुत्रा घरीच ठेवला आणि माझी एक मैत्रीण त्याच्यासाठी राहायला आली. कुत्र्याचं नाव ढब्बू, वय साडेचार, जातीचा पत्ता नाही. मैत्रिणीला मराठीचा गंध नाही, पण प्राण्यांची चांगली सवय आहे, म्हणून मी निर्धास्त होते. तिच्यासाठी एक कागद केला. डावीकडे मराठी शब्द रोमन लिपीत आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ. बस, ये, थांब, सोड, हाड, खाली, चल, असे एकूण सतरा शब्द. कागद फ्रिजवर चिकटवला आणि स्वतःवर खूश होऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो आला. सोफ्याच्या गादीवर मधोमध ओला डाग. "हा आजारी आहे का? मी खाली उतर म्हणत होते, तर त्यानं वर उभं राहूनच केली." मी फोन करून विचारलं, नेमकं काय म्हणालीस? म्हणाली, "कागदावरचं आठवेना, मग हातानं झटकून नुसतं शू, शू केलं."

झालं! ढब्बू एवढासा होता तेव्हापासून आम्ही रोज सकाळी झाडापाशी उभे राहून "शू कर, शू, शू" म्हणत आलोय. तिच्या भाषेत 'शू' म्हणजे 'चल हट'. आमच्याकडे शू म्हणजे शू. संध्याकाळची फेरी अजून व्हायची होती, त्याला लागलीही असणार, आणि वर घरातलं माणूस चक्क परवानगी देत होतं. त्यानं सांगितलेलं ऐकलं, बिचाऱ्याचं काय चुकलं? हा शब्द माझ्या सतरांत नव्हता, कारण ती आज्ञा आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आता पुन्हा बारा दिवसांसाठी जायचंय. या वेळी दुसरी मैत्रीण येणार आहे, तिलाही मराठी येत नाही. तुम्ही पाहुण्याला काय लिहून दिलंत, काय लिहायचं राहिलं, काय फसलं, ते सांगा. कुत्रा, मांजर, काहीही चालेल. शब्दांची यादी नको, घडलेलं हवंय.

मनीमाऊचा बाप

आमच्याकडे मांजर आहे आणि गोष्ट तुमच्या बरोब्बर उलटी घडली. मांजर ओट्यावर चढलं की माझी आई लहानपणापासून "शुक्! शुक्!" करते, तेच मी उचललं. मनीला शुक् ऐकलं की आपण नको तिथे आहोत हे कळतं आणि ती पळते.

घर सांभाळायला आलेला मित्र परदेशी होता. त्यांच्याकडे मांजराला बोलवायचं तर ओठ आवळून 'प्स्स प्स्स' करतात. तो रोज सकाळ-संध्याकाळ वाडगं भरून प्रेमानं प्स्स प्स्स करी आणि मनी पलंगाखाली जाऊन बसे. तो वाकून आणखी प्स्स करी, ती आणखी आत सरके. तीन दिवस त्याला फक्त दोन डोळे दिसले. रात्री वाडगं रिकामं व्हायचं, म्हणून मी घाबरलो नाही. चौथ्या दिवशी मी त्याला सांगितलं, बाबा रे, तोंडानं काहीच करू नकोस. कोरड्या खाऊचा डबा दोनदा खुळखुळव आणि लांब जाऊन बस. दहा मिनिटांत मनी बाहेर.

मी अर्थ सगळे दिले होते. आमच्या घरात बोलवायचा आवाज तोंडाचा नसून डब्याचा आहे, हेच लिहिलं नव्हतं.

पाचवा मजला

आमची राणी (लॅब्रॅडोर) काही छान केलं की सगळे "वा! वा!" म्हणतात. तिला सांभाळायला आलेली मैत्रीण तमिळ. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. ती बागेच्या टोकाला उभी राहून हाका मारतेय "राणी, वा, वा!" आणि राणी आहे तिथेच उभी, शेपटी गरागरा हलवत, स्वतःवर प्रसन्न. मैत्रीण म्हणाली, "एवढी आनंदी होऊन न येणारी कुत्री मी पहिल्यांदा पाहिली."

गप्पिष्ट

शब्दांवर एवढं डोकं लावू नका हो. कुत्र्याला शब्द बिब्द काही कळत नाहीत, त्याला कळतो तो सूर. गोड आवाजात "मूर्खा, गाढवा" म्हणा, शेपटी हलवेल. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांचे प्राण्यांना द्यायचे आवाज गोळा करून हे दाखवलंय. पाहुण्याला सांगा, प्रेमानं बोल, बाकी सगळं आपोआप होतं. आमच्या तीन कुत्र्यांना कुणीही सांभाळलंय, कधी कागद लागला नाही.

तुकतुकीत

@ओसरीवरची, 'शू'ची आमची आवृत्ती. मुलांनी कुत्र्याला "छू!" म्हटलं की कावळ्यांच्या मागे धावायला शिकवलंय. पाहुणीनं टेबलावर चढलेल्या मांजराला "शू!" म्हटलं. कुत्रा बाणासारखा सुटला. मांजर वाचलं, टेबलावरचा काचेचा दिवा नाही. पाहुणी अजून म्हणते की मी त्याच्याशी बोललेच नव्हते.

दोरी सैल

चौदा वर्षं कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवतोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी गप्पिष्ट यांचं. मॅककॉनेलबाईंना आढळलं ते असं: प्राण्याला हलवायचं, पळवायचं असेल तर माणसं तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आवाज काढतात, आणि थांबवायचं, शांत करायचं असेल तर एकच लांब आवाज. आपलंही तसंच आहे. "ये ये ये ये" तुटक असतं आणि "थांऽऽब" लांब. तेव्हा सूर महत्त्वाचा, हे खरंच. पण त्यावरून शब्द निरुपयोगी ठरत नाही. नुसता सूरच कळत असता तर राणी 'वा' ऐकून आली असती, कारण त्या तमिळ बाई नक्कीच बोलावण्याच्या सुरात म्हणत असणार.

आता शू आणि छू. बुडापेस्टला 2020 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या डोक्याला संवेदक लावून, ओळखीचे आज्ञाशब्द ऐकताना मेंदूच्या लहरी कशा उठतात ते पाहिलं. शब्द पूर्ण वेगळा, निरर्थक असेल तर फरक दिसला. पण ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला तर मेंदूनं त्याला जवळपास मूळ शब्दासारखंच घेतलं. याचा अर्थ कुत्र्याला तो फरक ऐकूच येत नाही असा नाही, बहुधा तो तिकडे लक्ष देत नाही. म्हणून पाहुण्याचा उच्चार थोडा बिघडला तर काम अडत नाही, ही चांगली बाजू. वाईट बाजू ही की शू, छू, चू, शुक् हे सगळं एकाच पोत्यात जातं. त्यामुळे पाहुण्याला द्यायच्या कागदावर मी आधी 'हे म्हणायचं नाही' असा भाग लिहायला लावतो. ओसरीवरची, तुमच्या नव्या कागदावर पहिली ओळ 'शू' हीच हवी.

दुसरं म्हणजे हात. इटलीत 2016 मध्ये कुत्र्यांना तोंडानं एक आणि हातानं दुसरंच सांगून पाहिलं, तर बहुतेकांनी हाताचं ऐकलं. तुमच्या मैत्रिणीनंही हात झटकला होता. तो झटका घरात कधी कुणी शिकवला नव्हता, म्हणून ढब्बूला हाती लागला तो फक्त शब्द. मी नेहमी सांगतो, पाहुण्याला शब्दाआधी हात द्या. बस म्हणताना तुमचा हात काय करतो? बहुतेकांना माहीतच नसतं. मोबाइल उभा करून स्वतःचं दोन मिनिटांचं चित्रण करा. तुम्ही बस म्हणताना तळवा वर उचलता, की बोट दाखवता, की किंचित पुढे झुकता, ते तेव्हा दिसेल. मग पाहुण्यानं नेमकं तेच करायचं. हाताला उच्चार नसतो.

तिसरं म्हणजे सतरा शब्द. सहाच्या वर देऊ नका. बारा दिवसांत पाहुण्याला थांब, सोड, बस आणि दारापाशी लागणारं जे असेल तेवढंच लागतं. आणि 'ये' शिकवा, पण त्यावर विसंबू नका. अनोळखी माणसाच्या हाकेला कुत्रा घरात दहा वेळा आला म्हणजे बाहेर पट्टा सोडल्यावर अकराव्यांदा येईल, असं नाही. बाराही दिवस बाहेर पट्टा सुटता कामा नये, हे ठळक अक्षरांत लिहा.

गप्पिष्ट

सूर सूर म्हणत होतो ते अगदीच चूक नव्हतं, एवढं मान्य केल्याबद्दल आभार. बाकी आमचे तिघं सगळ्यांचं ऐकतात ते का, हे कुणी सांगा.

दोरी सैल

तिघं एकमेकांकडे बघून करत असतील. एकेकट्याला वेगळ्या खोलीत घेऊन पाहा.

झुलता पूल

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे कॉकटील आहे आणि कुत्राही आहे. कुत्र्याला बोलवायची माझी शिटी (एक खालची, एक वरची) कॉकटीलनं हुबेहूब उचलली आहे. दिवसभर तो शिटी वाजवतो, कुत्रा उठून पिंजऱ्यापाशी जातो, काही मिळत नाही, परत येतो. आता मी शिटी वाजवली तरी कुत्रा आधी पिंजऱ्याकडे बघतो. पक्ष्याची शिटी कशी सोडवायची?

ओसरीवरची

धागा पाहुण्याला शिकवण्याचा होता हो, पण हे वाचून मी इतकी हसले की राहू दे.

दोरी सैल

@झुलता पूल, पक्ष्याची सोडवता येत नाही. कुत्र्यासाठी नवा शब्द घ्या आणि तो पक्ष्यासमोर अजिबात म्हणू नका. पाहुण्याला मात्र सांगून ठेवा. नाही तर रिकाम्या घरात शिटी ऐकून त्याला वाटेल कुणी आलंय.

माडीवरचा

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे कायम पाहुणा. जर्मन मित्राचा शेफर्ड दोनदा सांभाळलाय. त्यानंही कागदच दिला होता, अर्थासकट. त्यात 'पायाशी चल' यासाठी 'फूस' असा शब्द. मी वाचलं आणि म्हटलं, ठीक. आता आपल्या तोंडात फूस येतं ते फुस लावणे, नाही तर फुग्यातून हवा गेल्यासारखं फुस्स. मी इतक्या संकोचानं, पुटपुटत म्हणायचो की कुत्रा मान वाकडी करून नुसता बघत राहायचा. मला वाटलं, हट्टी आहे.

मित्रानं मग आवाज पाठवला, सहा शब्द, प्रत्येक तीनदा. ऐकल्यावर कळलं की तो शब्द लांब, खालच्या पट्टीत आणि एकदाच म्हणायचा आहे. मी मात्र चार वेळा घाईघाईनं म्हणत होतो. दुसऱ्या दिवसापासून जमलं.

पण एक गडबड केली. तो आवाज मी मोबाइलच्या स्पीकरवर लावला. मालकाचा आवाज ऐकून कुत्रा उठला, सगळ्या खोल्या फिरला, दारापाशी जाऊन बसला आणि दीड तास हलला नाही. तेव्हापासून कानात घालूनच ऐकतो. आवाज पाठवणार असाल तर हे पाहुण्याला आधी सांगा.

सहा पायऱ्या

रोमन लिपीवर कुणीच बोललं नाही. मी thamb लिहिलं होतं. मित्रानं ते इंग्रजी अंगठ्यासारखं 'थम' वाचलं. sod लिहिलं, तर तो हसत सुटला, कारण त्यांच्याकडे ती हलकीशी शिवी आहे. ye तर कुणाला 'यी' वाटतं. त्यापेक्षा त्यांच्या भाषेतला सारखा वाजणारा शब्द सांगावा. बस म्हणजे रस्त्यावर धावते ती बस, संपलं. ये म्हणजे आनंदानं ओरडतात ते 'येऽ', पण तोडून म्हणायचं. 'थांब'साठी काही सापडेना, म्हणून मी तो शब्द काढून टाकला आणि नुसता उभा तळवा ठेवला.

आतल्या गाठीची

आधी आपापल्या घरात भाषा एक आहे का ते बघा, मग पाहुण्याकडे वळा. आमच्याकडे एका संध्याकाळी मी गंमत म्हणून वही घेऊन बसले. कुत्र्यानं पलंगावरून उतरावं यासाठी पाच माणसांनी वापरलेले शब्द: मी "खाली", नवरा "उतर", मुलगी "ऑफ", मुलगा "ए चल चल", आणि सासरे "बाळासाहेब, उठा आता" (सासरे कुत्र्याला अहोजाहो करतात आणि तो त्यांचंच सगळ्यात आधी ऐकतो, हे वेगळं). यातलं पाहुण्याला काय सांगणार? त्यात 'खाली' हा शब्द मी 'आडवा हो' यासाठीही वापरते, हे वहीत लिहिल्यावर लक्षात आलं. म्हणजे पलंगावर असताना खाली म्हटलं की तो कधी उतरायचा, कधी तिथेच पसरायचा, आणि मी रागवायचे.

बदल एकच केला. उतरण्याला सगळ्यांनी 'उतर' म्हणायचं आणि बोट जमिनीकडे दाखवायचं. अडीच-तीन आठवडे लागले, आणि त्यातले बरेचसे आम्हा माणसांना. सासरे अजून "उतरा" म्हणतात. चालतं.

सरळमार्गी

एवढं सगळं करण्यापेक्षा पहिल्यापासून सिट, कम, स्टे, नो शिकवावं. जगातल्या कुठल्याही पाहुण्याला येतं. आमच्याकडे तसंच आहे, कधी अडचण नाही.

तिसरी खिडकी

@सरळमार्गी, मीही हेच म्हणायचे. आमच्या कुत्रीला 'थांब'मधून मोकळं करायचा शब्द 'ओके' होता. दार उघडताना ती बसते, मी ओके म्हणते, मग ती बाहेर येते. पाहुणा सामान आत घेत होता. दार सताड उघडं, कुत्री बसलेली, सगळं व्यवस्थित. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो फोनवर म्हणाला, "ओके." ती सरळ बाहेर. गेटही उघडं. सुदैवानं कोपऱ्यावरच्या माणसानं पट्ट्याला धरलं. तोवर मी तिकडे, फोनवर, हतबल.

त्यानंतर मोकळं करायचा शब्द आम्ही 'सुटी' केला. परक्या माणसाच्या तोंडात तो चुकून येत नाही. अगदी सोपे, सगळ्यांना येणारे शब्दच दिवसभर वाऱ्यावर उडत असतात, हा त्यांचा तोटा.

सरळमार्गी

पण मग मराठी घरात 'बस' तरी काय कमी उडतो? "बस झालं", "बस ना रे". हिंदीवाला पाहुणा चहा ओततानाही "बस बस" म्हणेल.

तिसरी खिडकी

हो, पण बस म्हटल्यावर बसली तर गेटबाहेर जात नाही.

मनीमाऊचा बाप

मांजरवाल्यांसाठी एक भर. जपानमध्ये 2019 साली आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजर आपलं नाव सारख्या लांबीच्या इतर शब्दांपासून वेगळं ओळखतं, परक्या माणसानं हाक मारली तरीही. पण ओळखल्याची खूण म्हणजे कान किंवा मान वळणं. उठून येणं नव्हे! पाहुण्याला हे सांगा, नाही तर तो नाव घेत बसतो आणि मांजराला आपण आवडत नाही असं वाटून खट्टू होतो. कान वळला म्हणजे तुमचा फोन लागला. पुढे उचलायचा की नाही ते मांजर ठरवतं.

ओसरीवरची

नवी मैत्रीण परवा पहिल्यांदा येऊन गेली. तुमच्या सगळ्यांचं वाचून कागद पार बदललाय. हे जमलंय का, पाहा.

सगळ्यात वर: शू म्हणू नकोस, त्याला वाटेल परवानगी आहे. "गुड बॉय"ऐवजी "शाब्बास" म्हण, नाही जमलं तर नुसतं हस, त्याला कळतं.

मग पाच शब्द. बस: वाहनाचं नाव, सोबत तळवा छातीपर्यंत वर. थांब: शब्द नको, उभा तळवा त्याच्या तोंडासमोर. ये: एकदाच, खाली बसून, दोन्ही हात मांड्यांवर. उतर: बोट जमिनीकडे. सोड: तळहातावर खाऊ धरून. प्रत्येकाखाली एक ओळ: एकदा सांग, मनात तीनपर्यंत मोज, केलं तर लगेच खाऊ, नाही केलं तर पुन्हा म्हणू नकोस, दोन पावलं चालून नव्यानं सुरू कर.

'हाड' काढून टाकलं. विचार केला, तर मी ते त्याला कधी म्हणतच नाही, बाहेरच्या कुत्र्यांना म्हणते. उलट ते ऐकून तोच दचकतो.

दोरी सैल

कागद चांगला आहे. फक्त 'सोड'बद्दल एक ओळ वाढवा. तोंडात धोक्याचं काही असेल तर खाऊ दाखवून बदली करायची हे बरोबर, पण तो ताठ झाला, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं, भराभर गिळायला लागला किंवा गुरगुरला तर पाहुणीनं हात अजिबात घालायचा नाही. खाऊ लांब टाकून बाजूला व्हायचं आणि तुम्हाला किंवा डॉक्टरांना फोन करायचा. इथे कुठल्याही भाषेतला शब्द कामाचा नाही.

आणि कागद देऊन मोकळं होऊ नका, तीन फेऱ्या करा, प्रत्येकी पाचच मिनिटांच्या. पहिल्या फेरीत तुम्ही सांगा आणि खाऊ तिच्या हातून जाऊ दे. दुसरीत तिनं न बोलता फक्त हात करायचा, तुम्ही बाजूला उभं राहून गप्प. तिसरीत तुम्ही दुसऱ्या खोलीत. तुम्ही गेल्यावर जमलं तरच जमलं म्हणा. मध्येच ढब्बू जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, तोंड फिरवून जमीन हुंगायला लागला तर तो हट्ट नाही, त्याला कळत नाहीये. तिथेच थांबायचं.

आतल्या गाठीची

जांभई म्हणजे न कळणं? आमचा तर दिवसभर देतो.

दोरी सैल

झोपेतून उठून दिली तर जांभईच. बस म्हटल्यावर लगेच दिली तर लक्ष द्या.

ओसरीवरची

तिसरी फेरी आज झाली. पहिल्या फेरीत तो तिच्या हातून खात होता आणि माझ्याकडे बघत होता. दुसरीत तळवा वर गेला की बसला, पण माझ्यासमोर येऊन, तिला पाठ करून. खाऊसाठी वळून तिच्याकडे, की पुन्हा माझ्यासमोर. मग मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे तोंड तिच्याकडे झालं, आणि दर वेळी एक पाऊल मागे सरकले. आज मी स्वयंपाकघरात दार लोटून उभी होते. बस पाचातून पाच वेळा, उतर चार, थांब पाच. सोड दोनदाच करून पाहिलं, दोन्ही वेळा सोडलं. म्हणजे कागद पास.

पण नवंच काहीतरी निघालंय. संध्याकाळी ती मोबाइलवर मॅच बघत बसली होती. तिचा संघ जिंकत होता, आणि दर वेळी ती हात वर करून ओरडायची "येऽ!" आणि दर वेळी ढब्बू आपली गादी सोडून तिच्यासमोर हजर. पहिल्या चार वेळा तिनं हसत खाऊ दिला. पाचव्यांदा खाऊ संपला होता, तर तो तसाच तिच्या गुडघ्याला नाक लावून उभा. आता काय करू? तिला मॅच बघू नकोस म्हणू, की त्याची हाक बदलू? बारा दिवसांत चार मॅच आहेत.

दोरी सैल

हाक आता बदलू नका, दिवस कमी आहेत. मॅचच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी द्या. किंवा खाऊची वाटी भरून ठेवा, हाक आणखी पक्की होईल.

गप्पिष्ट

किंवा तिला हरणाऱ्या संघाचा पाठीराखा करा.